अंदाजित वेळापत्रकावर भरोसा ठेवून रजा, तिकीट काढावं का?

"मी पुण्यात जॉब करते, घर नागपूरला, परीक्षा केंद्रही तेच. एमपीएससीचं अंदाजित वेळापत्रक आलंय, त्यातली तारीख धरून आत्ताच रजा टाकू का आणि गाडीचं तिकीट काढू का?"

रजा आत्ताच नको टाकू. मॅनेजरच्या कानावर तेवढं घालून ठेव की परीक्षेच्या महिन्यात रविवारच्या पेपरनंतरचा एक सोमवार लागेल, तारीख सरकू शकते.

२०२४ ची राज्यसेवा पूर्व बघ ना. आधी २८ एप्रिल होती, मग मराठा आरक्षणाचा नवा कायदा आला, जागांचं आरक्षण परत ठरवावं लागलं म्हणून पुढे ढकलली, मग ६ जुलै, मग २१ जुलै, मग २५ ऑगस्ट. त्या दिवशी आयबीपीएसचीपण परीक्षा होती, पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि २२ ऑगस्टला, म्हणजे गुरुवारी, रविवारचा पेपर पुढे गेला. शेवटी १ डिसेंबरला झाली. माझी मामेबहीण तुझ्यासारखीच पुण्याहून येणार होती, हॉल तिकीट प्रिंट करून बॅगेत ठेवलेलं, शुक्रवारची गाडी, आणि आदल्या दिवशी हे कळलं. रडली बिचारी फोनवर. रजा मंजूर झालेली, ती परत घ्यायला एचआरच्या मागे लागावं लागलं ते वेगळंच.

म्हणून मी वेळापत्रकात परीक्षेच्या तारखेआधी जाहिरातीचा महिना बघतो. तो महिना उलटून गेला आणि जाहिरातच नाही आली तर पुढची तारीख टिकणं कठीण, कारण फॉर्म भरायला, छाननीला वेळ लागतोच. जाहिरात आली की त्यातली तारीख धर, वेळापत्रकातली सोडून दे. आणि जाहिरातीनंतरही आयोगाच्या साईटवर शुद्धिपत्रक नाहीतर प्रसिद्धिपत्रक येतं का ते दर आठवड्याला बघत जा, टेलिग्रामवरच्या फोटोवर जाऊ नको. यूपीएससीची तारीख सहसा पक्की असते, पण त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीमुळे तीसुद्धा २६ मे ची १६ जून झाली होती.

आता तिकिटाचं. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा जाहिरात आलेली असेल तर शुक्रवार रात्रीचं पुण्याहून आणि रविवार रात्रीचं नागपूरहून, दोन्ही रेल्वेचीच काढ. कन्फर्म तिकीट लवकर रद्द केलं तर कमी पैसे कापतात, गाडी जवळ आली की जास्त, म्हणून त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच साईट एकदा बघच. स्वस्तातलं नॉन-रिफंडेबल विमान तिकीट मात्र अजिबात नको. दुसरा पेपर दुपारचा असतो त्यामुळे संध्याकाळची लवकरची गाडी धरू नको, रात्रीचीच बरी, सोमवारी दुपारपर्यंत पोचशील, म्हणजे रजा एकच जाते. तारीख दसऱ्याजवळ सरकली तर दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे नागपूरच्या गाड्या फुल्ल असतात, तेव्हा नवी तारीख कळली त्याच दिवशी तिकीट बघ.

रजेचा अर्ज हॉल तिकीट हातात आल्यावर टाक, त्याची कॉपी जोडूनच.