कॅमेरूनहून आल्यापासून खाज थांबत नाही, डीईसी द्यावी का?

प्रश्न: माझे दीर कॅमेरूनमध्ये नदीवरच्या धरणाच्या कामावर तीन वर्षं होते. इंदूरला परतून आठ महिने झाले, पण अंगाची खाज थांबत नाही, रात्री रक्त येईपर्यंत खाजवतात. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात म्हणून हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्या सुचवल्यात. तिकडे माशी चावून डोळे जातात असं ऐकलं. घरात लहान मुलं आहेत, त्यांना लागण होईल का?

उत्तर:

ताई, डीईसी अजून सुरू केली नसेल तर आज करू नका. आधी त्वचेची तपासणी होऊ द्या. मुलांची काळजी मात्र सोडा. तुम्ही ऐकलेला आजार म्हणजे नदीअंधत्व, तो एका जंतामुळे होतो. हा जंत एका माणसाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही, टॉवेल-अंथरुणातूनही नाही. त्याला मध्ये काळी माशी लागते, आणि माशीच्या पोटात त्याची आठवडाभर वाढ झाल्यावरच तो पुढच्या माणसात शिरू शकतो. काळ्या माशा आपल्याकडेही आहेत. महेश्वरच्या सहस्रधारेसारखं खळाळतं पाणी त्यांच्या अळ्यांना आवडतं. पण हा आजार भारतात नाही. तो मुख्यतः आफ्रिकेत आहे, थोडा येमेनमध्ये आणि ब्राझील-व्हेनेझुएलाच्या सीमेवर.

मी इंदूरचाच, डोळ्यांचा डॉक्टर. उमेदीची दोन वर्षं कॅमेरूनमधल्या एका लहान दवाखान्यात काढली. तिथे मी हा आजार रोज पाहिला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठे जंत कातडीखाली गाठी करून राहतात, बहुधा कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर. गाठ सुपारीएवढी, बोटाने सरकणारी आणि न दुखणारी असते. त्यातली मादी १० ते १५ वर्षं जगते आणि रोज शेकडो सूक्ष्म पिल्लं सोडते. ती पिल्लं कातडीत फिरतात आणि साधारण वर्ष-दोन वर्षांनी मरतात. जिवंत पिल्लं फारसा त्रास देत नाहीत. ती मरतात तेव्हा शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि तिथे आग-खाज सुटते. हे नीट ध्यानात ठेवा, कारण डीईसीचा धोका यातच आहे. ही गोळी हत्तीरोगासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे आणि इओसिनोफिल वाढले की सहज लिहून दिली जाते. पण नदीअंधत्वाच्या रुग्णाला ती दिली, तर कातडीतली आणि डोळ्यातली पिल्लं एकदम मरतात.

परतल्यावर इथे मी असा एक रुग्ण पाहिला. आफ्रिकेत काम करून आलेला, चाळिशीतला माणूस. डीईसीची पहिली गोळी घेतल्यावर काही तासांतच अंगभर पुरळ, ताप आणि जांघेत सुजलेल्या गाठी. डोळे इतके लाल की उजेडाकडे बघवेना. गोळी लिहिणाऱ्याने तो कुठे राहून आलाय हे विचारलंच नव्हतं. डोळ्यांची सूज आम्ही औषधांनी उतरवली. त्याच्या कातडीत पिल्लं फार नव्हती, म्हणून नजर वाचली.

तपासणी अगदी साधी आहे. कमरेच्या हाडावरची कातडी सुईच्या टोकाने किंचित उचलायची आणि ब्लेडने ज्वारीच्या दाण्याहूनही लहान चकती काढायची, रक्त न येऊ देता. असे तुकडे एकापेक्षा जास्त जागांवरून घ्यायचे. ते सलाइनच्या थेंबात ठेवले की काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली केसासारखी पिल्लं वळवळत बाहेर येताना दिसतात. कधी अर्ध्या तासात, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी लागते. लागण हलकी असेल तर एका तपासणीत काहीच सापडत नाही, म्हणून एका निर्दोष रिपोर्टवर विषय संपवू नका. डोळ्यांसाठी आम्ही रुग्णाला काही मिनिटं डोकं गुडघ्यांत घालून बसवायचो आणि लगेच स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, घ्यायचो. बुबुळामागच्या पाण्यात पांढरे धागे तरंगताना दिसायचे. बुबुळात मेलेल्या पिल्लांभोवती बर्फाच्या कणांसारखे ठिपके उठतात, ते विरतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की मात्र बुबुळ कडेकडून पांढरं होत जातं, आत दृष्टीची नसही सुकते, आणि ते परत येत नाही. तुमच्या दिरांना धीर द्या. तीन वर्षांच्या मुक्कामात बहुधा खाजच होते. डोळे जातात ते बालपणापासून रोज चावे सोसणाऱ्यांचे.

उपचार आयव्हरमेक्टिनचा. किलोला १५० मायक्रोग्रॅम, एकदाच. ६० किलोच्या माणसाला ९ मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. ही गोळी पिल्लं मारते आणि मादीचं पिल्लं सोडणं काही महिने थांबवते, पण मोठा जंत मारत नाही. म्हणून पिल्लं हळूहळू पुन्हा वाढतात आणि वर्षाने गोळी पुन्हा द्यावी लागते.

तिकडे अख्ख्या गावाला वर्षातून एकदा गोळी दिली जाते, आणि मादी मरेपर्यंत, म्हणजे १० ते १५ वर्षं, हे सुरू ठेवावं लागतं. १९८७ पासून मर्क कंपनी गोळी फुकट देते, पण ती घरोघरी पोचवतो गावानेच निवडलेला माणूस. त्याच्याकडे वजनकाटा नसतो, रंगीत पट्ट्यांची एक काठी असते. माणूस काठीला टेकून उभा राहिला की पट्टी सांगते गोळ्या किती. ९० सेंटिमीटरच्या खालच्या मुलाला नाही, १५९ पासून वर चार. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात गोळी देत नाहीत. त्या बाईचं नाव वहीत लिहायचं राहून गेलं की तिचं वर्ष बुडतं. सगळ्यात मोठी अडचण यायची दुसऱ्या वर्षी. पहिल्या गोळीनंतर पिल्लं मरतात, दोन-तीन दिवस खाज आणि सूज वाढते, आणि लोक म्हणतात, "गोळीनेच आजार दिला." ज्या गावात हे आधी सांगितलं होतं तिथे माणसं पुन्हा आली. जिथे नव्हतं सांगितलं तिथे तरुण पोरं काठी दिसली की शेतात पळायची.

आता तुमच्या दिरांसाठी सगळ्यात जरुरीची गोष्ट. कॅमेरूनच्या जंगलपट्ट्यात लोआ लोआ नावाचा दुसरा जंतही असतो. त्याची पिल्लं रक्तात फार असतील तर आयव्हरमेक्टिनने मेंदूला सूज येऊन माणूस बेशुद्ध होऊ शकतो, आणि डीईसीनेही तेच होऊ शकतं. म्हणून कुठलीही गोळी घेण्याआधी सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान रक्त काढून ते लोआसाठी तपासून घ्या. रात्री काढलेल्या रक्तात ही पिल्लं सापडत नाहीत, आणि आपल्याकडे हत्तीरोगासाठी रक्त रात्रीच घेतात, त्यामुळे ही वेळ लॅबला आवर्जून सांगा. लोआ नसेल तर आयव्हरमेक्टिन, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर चार ते सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन. जंताच्या शरीरात राहणारे जिवाणू त्याने मरतात आणि मादी वांझ होते. पहिल्या मात्रेनंतरचे दोन-तीन दिवस दिरांना घरीच ठेवा, खाजेसाठी अँटिहिस्टामिन आणि तापासाठी पॅरासिटामॉल जवळ असू द्या. उभं राहताना चक्कर आली किंवा डोळा दुखून लाल झाला तर त्याच दिवशी दाखवा.