आर्टिकल नाही म्हणून लगेच 'एक' लावू नकोस

अरे, बायबलच्या नव्या कराराचं भाषांतर करताना ग्रीकमध्ये 'हो' हे इंग्रजी 'द'सारखं आर्टिकल नामाआधी दिसलं नाही की तू लगेच 'एक' लावतोयस, ती इंग्रजीची सवय आहे, ग्रीकमध्ये इंग्रजीतल्या 'अ'सारखं आर्टिकलच नाहीये. योहान १:४९ काढ. नथनेल म्हणतो 'सू एइ हो हुइओस तू थेऊ', तू देवाचा पुत्र आहेस, इथे नाम क्रियापदानंतर आलंय आणि 'हो' आहे, पण लगेच पुढे 'सू बासिलेउस एइ तू इस्राएल', म्हणजे राजा क्रियापदाच्या आधी आला आणि 'हो' गायब! आता याचं 'इस्राएलचा एक राजा' करशील का? नाही ना. पण उलटा नियमही करू नकोस हां, ६:७० मधला 'दिआबोलोस' पण क्रियापदाआधी, आर्टिकलशिवायच आहे, आणि तिथे बहुतेक भाषांतरं 'एक सैतान' असंच करतात. त्यामुळे आधी क्रियापद कुठेय ते बघ, मग संदर्भ.