रोबोटच्या जॉइंटला कुठला बोर्ड घ्यावा

अरे, रोबोटच्या हाताच्या जॉइंटमधली ब्रशलेस मोटर चालवायला ड्रोनचा साधा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड, नको लावूस. तो एका इलेक्ट्रिकल फेरीत करंट सहा टप्प्यांत ढकलतो, म्हणून हळू फिरवलं की हात गचके खातो, आणि मोटर थांबलेली असताना रोटर कुठेय हे त्याला कळतच नाही. त्याऐवजी एफओसी, म्हणजे फील्ड ओरिएंटेड कंट्रोलवाला बोर्ड घे; त्यात एन्कोडर नावाचा सेन्सर रोटरचा अँगल सांगतो, बोर्ड फेजचे करंट मोजतो आणि कॉइल्सचं फील्ड रोटरच्या चुंबकापुढे कायम 90 इलेक्ट्रिकल अंशावर ठेवतो, त्यामुळे टॉर्क एकसारखा येतो.

आता बोर्ड. समजा 30 सेमी हातावर 1 किलो धरायचंय, म्हणजे साधारण 3 न्यूटन-मीटर. 1:10 गिअर असेल तर मोटरवर 0.3 उरलं. मोटरचं केव्ही, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, 100 असेल तर 8.3 भागिले 100, म्हणजे अँपिअरला 0.083 न्यूटन-मीटर, मग नुसतं धरून ठेवायलाच साडेतीन-चार अँपिअर लागणार. हाताचं स्वतःचं वजन, गिअरमधला लॉस, झटका हे वेगळंच, म्हणून मी 10 अँपिअर कंटिन्युअसवाला घेईन. पीक आकडा बघून भुलू नकोस, कारण हात एकाच जागी धरला की बोर्डवरचे तेच मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, तापत राहतात. आणि करंट सेन्सिंग नसलेला स्वस्त बोर्ड घेऊ नको, तो नुसता व्होल्टेज देऊन टॉर्कचा अंदाज बांधतो.

तरीही मोटर प्रत्येक फेरीत एकाच जागी अडखळली तर आधी एन्कोडरचा मॅग्नेट सेंटरला बसलाय का बघ, माझे दोन दिवस त्यातच गेले होते.