एसएलएच्या भाषांतरात टक्के ‘सोपे’ करायचे का?

प्रश्न: क्लाउड स्टोरेजच्या एसएलएचं, म्हणजे सेवा किती चालू राहील याची हमी देणाऱ्या कराराचं, मराठी करतेय. क्लायंट म्हणतो, टक्केवारीचा तक्ता सामान्य वाचकाला कळेल असा सोपा करा, हवं तर टक्क्यांऐवजी मिनिटं द्या. करू का?

उत्तर: नका करू. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचा सल्ला म्हणून हे घेऊ नका. पण अशी कागदपत्रं बरीच वर्षं मराठीत करतोय आणि नेमक्या याच ‘सोपं करा’पायी माझं एक बिल कितीतरी महिने अडकलं होतं.

आधी मिनिटांचं बघू. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं, त्याचा ०.१ टक्का म्हणजे सुमारे ४३ मिनिटं. म्हणून ९९.९ टक्के सेवा चालू ठेवण्याच्या हमीचं ‘महिन्यात ४३ मिनिटांपर्यंत सेवा बंद राहू शकते’ असं करण्याचा मोह होतो. पण तुमच्या एसएलएत अपटाइमची, म्हणजे सेवा चालू असण्याच्या प्रमाणाची, व्याख्या काय आहे? अॅमेझॉनच्या एस३ या क्लाउड स्टोरेज सेवेचंच घ्या. तिथे बंद मिनिटं मोजतच नाहीत. दर पाच मिनिटांच्या टप्प्यात तुमच्या एकूण रिक्वेस्टपैकी किती `InternalError` किंवा `ServiceUnavailable` अशी त्रुटी देऊन परतल्या, ते प्रमाण काढतात. महिनाभराच्या सगळ्या टप्प्यांची सरासरी काढून ती १०० टक्क्यांतून वजा करतात. ज्या टप्प्यात तुम्ही एकही रिक्वेस्ट केली नाही, तिथे त्रुटी शून्य धरतात.

समजा, एक तासभर निम्म्या रिक्वेस्ट फसल्या आणि बाकी महिना सुरळीत गेला. महिन्यात असे ८,६४० टप्पे. त्यातले १२ टप्पे ५० टक्के त्रुटीचे, म्हणजे सरासरी त्रुटी साधारण ०.०७ टक्के आणि अपटाइम ९९.९३. तो ९९.९ च्या वर असल्याने क्रेडिट, म्हणजे हमी न पाळल्याबद्दल बिलात मिळणारी सूट, मिळत नाही. पण तुमच्या मराठीत ‘४३ मिनिटं’ असतील, तर ग्राहक म्हणणार, तासभर त्रास झाला, माझा हक्क बनतो. हा वाद मूळ कागदात नव्हताच, भाषांतराने निर्माण केला.

आता तक्ता. माझ्या प्रकरणात मी ‘९९.९ टक्क्यांपेक्षा कमी, पण ९९.० टक्के किंवा त्याहून अधिक’ असं लिहून दिलं होतं. काम देणाऱ्या कार्यालयाने (नाव घेत नाही) ते ‘बोजड’ ठरवलं आणि मला न विचारता ‘९९.० ते ९९.९’, ‘९५.० ते ९९.०’ आणि ‘९५.० पर्यंत’ असं करून टाकलं. या तीन ओळींना अनुक्रमे १०, २५ आणि १०० टक्के क्रेडिट होतं. वाचायला छान. पण अपटाइम बरोबर ९९.० आला तर ग्राहक कुठल्या ओळीत? मूळ तक्त्याप्रमाणे १० टक्के क्रेडिट, बदललेल्यात १० किंवा २५, जो ज्याला हवा तो. ९५.० वर तर २५ टक्के की १०० टक्के, असा प्रश्न. आणि बरोबर ९९.९ आला, म्हणजे वचन पाळलं गेलं, तरीही क्रेडिट! पुढे त्यांच्याच विधी विभागाने हे पकडलं आणि दोष भाषांतरावर आला. माझी मूळ फाइल मेलमध्ये होती म्हणून निभावलं. पण पत्रांना उत्तर द्यायला तिथे कुणी नाही, फोन केला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. अजून राग येतो. तेव्हा अंतिम फाइल पीडीएफमध्येही पाठवा आणि पुढचे बदल ट्रॅक चेंजेसमध्येच मागा.

आणखी एक: ९९.० चं ९९ करू नका. गणितात फरक नाही, पण तो आकडा दशांशाच्या एका स्थळापर्यंत मुद्दाम दिलेला असतो, आणि शेजारी ९९.९ असताना नजर चुकते.

‘सर्व्हिस क्रेडिट’ तसंच ठेवावं असं माझं ठाम मत आहे. ‘परतावा’ म्हटलं की लोकांना बँक खात्यात पैसे दिसतात. क्रेडिट बहुधा पुढच्या बिलातून वळतं होतं, तेही ग्राहकाने मुदतीत दावा केला तरच. एस३मध्ये ही मुदत घटनेनंतरच्या दुसऱ्या बिलिंग चक्राच्या अखेरीपर्यंत आहे. ‘दुसऱ्या महिन्यात’ असं लिहिलंत तर अर्थ बदलला.

अपवादांच्या कलमात विशेषणं गाळू नका. ‘आमच्या वाजवी नियंत्रणाबाहेरील कारणे’ यातलं ‘वाजवी’ गेलं, तर अपवादात काय बसतं आणि काय नाही, याची मर्यादाच बदलते. तसंच ग्राहकाच्या ‘कृतीमुळे’ एवढंच लिहू नका. मूळात कृती आणि कृती न करणं, दोन्ही असतात. सेटिंग बदललं नाही म्हणून झालेला बिघाड यातल्या दुसऱ्या भागात बसतो.

क्लायंटला सोपं हवंच असेल, तर तक्ता जसाच्या तसा ठेवा आणि वर सांगितलंय तसं एखादं उदाहरण वेगळ्या माहितीपत्रकात द्या. करारात नको. आणि दोन भाषांत तफावत आढळल्यास कुठली प्रत ग्राह्य, हे कलम मूळात आहे का ते काम सुरू करण्याआधी बघा; नसेल तर क्लायंटला लेखी विचारा.