पावसाळ्यात कपाटाच्या मागे बुरशी : पुसण्याआधी भिंत तपासा

प्रश्न : "बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या लाकडी कपाटाच्या पाठच्या फळीवर दर पावसाळ्यात बुरशी येते. आत ठेवलेल्या रजया-उशांनाही कुबट वास लागतो. पुसून काढते, डांबरगोळ्या ठेवते, तरी पंधरवड्यात पुन्हा तेच. काय करू?"

ताई, आधी डांबरगोळ्यांचं सांगते. त्या किड्यांसाठी असतात. ओल त्या शोषत नाहीत, त्यामुळे बुरशीवर त्यांचा उपयोग नाही, उलट रजयांना दोन वास लागतात.

पहिलं काम म्हणजे ओल भिंतीतून झिरपते आहे की खोलीतल्या हवेतून येते आहे हे ठरवणं. कपाट पुढे ओढा, भिंतीचा ओला भाग कोरडा पुसा आणि त्यावर वीतभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा. एक-दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी जमलं असेल तर भिंत झिरपते आहे. रंगाचे पोपडे आणि पांढरा लोणा दिसत असेल तर बहुधा तेच. मग बाहेरच्या बाजूची भेग किंवा गळका पाइप दुरुस्त होईपर्यंत कपाट त्या भिंतीपाशी ठेवूच नका. दव खोलीच्या बाजूला आलं असेल, किंवा प्लास्टिक दोन्हीकडून कोरडंच राहिलं, तर दोष बहुधा हवेचा आणि कपाटाच्या जागेचा आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

होतं असं, की खोलीत २८ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता आहे असं धरा. बाहेरची भिंत पावसाने भिजून २५ अंशांवर आली. तीच हवा त्या भिंतीजवळ गार झाली की तिथली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते. पृष्ठभागापाशी ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता बरेच दिवस टिकली की बुरशी धरते. म्हणजे खोलीतलं आर्द्रतामापक ७५ दाखवत असताना कपाटामागे मात्र बुरशीला हवी तशी जागा तयार असते. त्यात कपाटाची पुढची बाजू पॉलिश केलेली आणि पाठ बहुतेक वेळा कोऱ्या प्लायची, ती ओल पिते.

म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे घ्या. जमलं तर आतल्या भिंतीलाच हलवा, फरक लगेच कळेल. पण नुसती फट ठेवून भागत नाही, खालून हवा शिरून वरून बाहेर पडली पाहिजे. कपाट जमिनीला टेकलेलं असेल तर पायांखाली ठोकळे द्या आणि वर छतापर्यंत बॅगा रचू नका. पाठच्या फळीला वर आणि खाली काही भोकं पाडून घेतली तर आतली हवाही हलते.

खिडक्यांबाबत एक लक्षात घ्या. बाहेर संततधार असताना खिडकी उघडून खोली कोरडी होत नाही, बाहेरची हवा तितकीच दमट असते. तेव्हा खिडक्या बंद करून एसी किंवा आर्द्रता काढणारं यंत्र चालवा आणि आर्द्रता साठच्या आसपास आणायचा प्रयत्न करा. यंत्र नसेल तर पंखा कपाटाच्या फटीकडे वळवून लावा. उघडीप मिळाली की खिडक्या, कपाट, सगळं सताड उघडा. आणि त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. एका वेळच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं.

आता आलेली बुरशी. कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने झटकू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावा, भांडी धुण्याच्या साबणाचे थेंब घातलेल्या पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळा आणि पुसा, फडकं वरचेवर बदला. मग पंख्याखाली फळी पूर्ण वाळू द्या. ब्लीच लाकडावर नको. वरचा डाग फिका पडतो, पण त्यातलं पाणी लाकडात मुरतं आणि पॉलिशही जातं. कोऱ्या पाठीला वार्निश द्यायचं असेल तर पावसाळा संपून लाकूड सुकल्यावरच द्या, नाहीतर ओल आत कोंडली जाते. हाच नियम फुगून अडकणाऱ्या दारांना : आत्ता रंधा मारून घेतलात तर कोरड्या दिवसांत तिथे फट पडेल.

रजया ठेवताना त्या हाताला गार लागत नाहीत ना बघा. गार लागल्या तर बहुधा आत ओल आहे. कडक ऊन दाखवा, गार होऊ द्या, मगच घडी करा. नुसता वास असेल तर धुऊन, वाळवून जातो. सिलिका जेल हवाबंद डब्यात किंवा पिशवीत चालतं, उघडझाप होणाऱ्या कपाटात लवकरच भरून जातं. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे वापरलेत तर खालच्याच कप्प्यात ठेवा, त्यात साचणारं पाणी सांडलं तर लाकूड आणि चामडं खराब होतं. उशीच्या आत फोमपर्यंत काळे ठिपके गेले असतील तर ती टाकून द्या, तिथपर्यंत धुणं पोहोचत नाही.