लवादाचा निवाडा कोर्टात कधी रद्द होतो?

प्रश्न: हिंगण्याच्या शेडच्या कामात लवादाने आम्हाला सांगितलं की ठेकेदाराला २२ लाख द्या. पुरावा चुकीचा वाचलाय. नागपूरच्या कोर्टात तो पुन्हा तपासून घेता येईल का?

उत्तर: पुरावा नव्याने तपासून मिळणार नाही. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ३४ म्हणजे अपील नव्हे. नोटीसच मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, करारात नसलेल्या वादावर निर्णय दिला, लाचलुचपत झाली, अशी कारणं तिथे चालतात. देशांतर्गत निवाड्यात उघड दिसणारी बेकायदेशीरताही चालते, पण त्याच कलमात लिहिलंय की केवळ कायदा चुकीचा लावला किंवा पुराव्याचं पुन्हा मूल्यमापन हवं, म्हणून निवाडा रद्द होणार नाही.

समजा, २२ पैकी १८ लाख जादा कामाचे आहेत आणि लवादाने मोजमाप पुस्तकातल्या नोंदी खऱ्या मानल्या. तुमच्या इंजिनिअरचं म्हणणं वेगळं असलं, तरी कोर्ट त्यात पडणार नाही. कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायला तुम्ही दोघांनीच लवाद नेमला होता. कोर्टाने तेच पुन्हा केलं, तर लवाद म्हणजे दिवाणी दाव्याची नुसती पहिली पायरी उरेल.

उरलेले ४ लाख मात्र भाववाढीचे असतील आणि करारात ‘भाववाढ मिळणार नाही’ असं स्पष्ट कलम असेल, तर तिथे जोर लावा. लवादाने ते कलमच डावललं असेल, तर तेवढा भाग वेगळा काढून रद्द होऊ शकतो. त्याने कलमाचा पटण्याजोगा अर्थ लावला असेल, तर कठीण आहे.

आणि तारीख आजच बघा: निवाड्याची सही केलेली प्रत मिळाल्यापासून ३ महिने, सबळ कारण असल्यास आणखी ३० दिवस. त्यानंतर कोर्टालाही उशीर माफ करता येत नाही.