सिनॅस्ट्रीत 'शुक्र मंगळासमोर' म्हणजे काय?

प्रश्न: भाचीच्या सोयरिकीत मुलानं ॲपवर 'सिनॅस्ट्री' काढून पाठवली, त्यात 'माझा शुक्र तिच्या मंगळासमोर' असं लिहिलंय. हे आपलं गुणमेलनच का? घरच्या पत्रिकेशी ताडून बघितलं तर समोर काहीच येत नाही. दोघांचे आकडे सोबत दिलेत.

ताई, गुणमेलन नाही हे. आपले 36 गुण नुसत्या चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून निघतात, सिनॅस्ट्रीत पाश्चात्त्य पद्धतीच्या दोन कुंडल्या एकमेकीवर ठेवून याचा एकेक ग्रह त्याच्या एकेका ग्रहापासून किती अंशांवर आहे ते मोजतात. राशी सांगायला सोप्या म्हणून बोलण्यात येतात, पण हिशोब सगळा अंशांचा. मेषेच्या 28 वर एकाचा ग्रह आणि वृषभेच्या 2 वर दुसऱ्याचा, तर राशी वेगळ्या असूनही ती युती, कारण अंतर फक्त 4.

मोजायचं असं: मेषेच्या सुरुवातीपासून 360 पर्यंत अंश धरा, एकेक रास 30 ची. अंतर शून्याजवळ आलं तर युती, 60 लाभयोग, 90 केंद्रयोग, 120 नवपंचम, 180 प्रतियोग. 'समोर' म्हणजे हा प्रतियोग. अगदी नेमकं जुळायला पाहिजे असं नाही, 5-6 अंश इकडंतिकडं चालतात, पण जितकं नेमकं तितकं जोरदार मानतात. आणि हो, आपल्याकडं मंगळाची चौथी, सातवी, आठवी दृष्टी असते तसं इथं नसतं, योग दोन्हीकडून सारखाच मोजतात.

आता तुम्ही दिलेले आकडे. मुलाचा शुक्र धनूच्या 20 वर, म्हणजे 260. भाचीचा मंगळ त्याच्या ॲपमध्ये मिथुनेच्या 17 वर, म्हणजे 77. वजा केलं की 183, प्रतियोगाला फक्त 3 अंश कमीजास्त. शुक्र म्हणजे काय आवडतं, मंगळ म्हणजे हवं ते मिळवायला माणूस कसा धावतो, त्यामुळं या जोडीला ओढ म्हणतात, आणि ती समोरासमोर असली की ओढीबरोबर खेचाखेचीपण धरतात, पुढाकार मंगळवाल्याचा म्हणजे इथं भाचीचा. उलट बाजूपण बघायची, नुसती एकच दाखवली की चित्र अर्धं राहतं: भाचीचा शुक्र 82, मुलाचा मंगळ 138, अंतर 56, म्हणजे लाभयोग. तो सौम्य, म्हणून त्यानं मुद्दाम सांगितला नसेल.

पण माझ्या मते लग्नाच्या दृष्टीनं जास्त बघण्यासारखं दुसरंच आहे. मुलाचा रवी वृश्चिकेच्या 12 वर म्हणजे 222, भाचीचा चंद्र कर्केच्या 14 वर म्हणजे 104, अंतर 118, चांगला नवपंचम. रवी म्हणजे माणूस कशासाठी जगतो, चंद्र म्हणजे घरात कसं राहिल्यावर त्याला निवांत वाटतं, ते जुळलं की रोजचं राहणं सोपं जातं असं मानतात. मानतात हे मुद्दाम म्हणतोय. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं लग्न झालेल्या 483 जोड्यांच्या कुंडल्या तपासल्या होत्या, पहिल्या गठ्ठ्यात बायकोचा चंद्र नवऱ्याच्या रवीशी युतीत जास्त दिसला, पण पुढच्या गठ्ठ्यांत ते टिकलं नाही.

आता तुमची खरी गल्लत. ॲप सायन म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेले अंश देतं, आपली पत्रिका निरयन म्हणजे ताऱ्यांच्या आधारानं मोजलेली, दोन्हीत जवळपास 24 अंशांचा फरक, यालाच अयनांश म्हणतात. तुम्ही मुलाचे आकडे ॲपचे घेतले आणि भाचीचे घरच्या पत्रिकेतले. तिथं तिचा मंगळ 53 वर म्हणजे वृषभेत, मग 260 वजा 53 केले की 207, समोरचा योग गायबच! उलट तिचा चंद्र पत्रिकेत 80 वर असल्यानं मुलाच्या मंगळाशी 58 अंशांचा लाभयोग दिसायला लागतो, जो खरं तर नाहीच. दोघांचे आकडे सायन घ्या नाहीतर दोघांचे निरयन, कसंही घेतलं तरी अंतरं तीच येतात, कारण दोन्हीकडून जवळपास सारखंच वजा होतं, फक्त राशींची नावं बदलतात. ॲपच्या सेटिंगमध्ये ट्रॉपिकल म्हणजे सायन, सायडेरियल म्हणजे निरयन.

चंद्राचं मात्र जपून बघा. तो दिवसाला साधारण 13 अंश चालतो, बाकी तिघं म्हणजे रवी, शुक्र, मंगळ एखादा-दीड अंशाच्या आतच. भाचीच्या पत्रिकेत नुसतं 'पहाटे' लिहिलं असेल तर तीन तासांत दीड अंशच हलेल, नवपंचम जात नाही. पण वेळच माहीत नसली तर ॲप बहुतेक दुपारचे बारा धरतं, आणि खरा चंद्र तिथून 6-7 अंश मागंपुढं असू शकतो, म्हणजे 118 चे 111 पण होतील, मग तो योग धरताच येणार नाही. तेव्हा दवाखान्यातला जन्माचा कागद सापडतो का बघा आधी. वेळ मिळाली की तिचा फक्त चंद्र पुन्हा काढा, बाकीच्या तिघांत फारसा फरक पडत नाही.